ताणलेली दोरी सैल कां पडते?

कपडे वाळत घालण्यासाठीं प्लॅस्टिकची नवी दोरी दोन खुंट्यांना खूप ओढून बांधावी आणि दुसऱ्या दिवशीं पाहावें तों ती ढिली पडलेली असावी, हा अनुभव पुष्कळांना आहे. गांठ सुटलेली नसते, खुंटीही हललेली नसते. मग ताण गेला कोठें?

अशी दोरी लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंची बनलेली असते. अशा पदार्थांना बहुवारिक म्हणतात. ओढ बसतांच साखळ्या ताणल्या जातात. नंतर त्या हळूहळू एकमेकींवरून सरकून आपली सोय पाहतात. रेशीम हेंही निसर्गाचें बहुवारिकच. रेशमाचा धागा वजन लावतांच लांबतो व मागाहून सावकाश आणखी लांबत राहतो, ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनीं १८३५ सालीं नमूद केली होती.

हा स्वभाव समजण्यासाठीं दोन वस्तु मनांत आणाव्या. एक स्प्रिंग आणि दुसरा तेलाच्या नळकांड्यांत फिरणारा सैलसर दट्ट्या. स्प्रिंगचा विरोध ती किती लांबली यावर ठरतो. दट्ट्याचा विरोध तो किती वेगानें ओढला जातो यावर. दट्ट्या थांबला कीं त्याचा विरोध संपला, आणि तो आपण होऊन मागें येत नाहीं.

दोन्ही एकापुढें एक जोडल्यास मॅक्सवेल यांच्या नांवाची जोडणी होते. ती ताणून टोकें पक्कीं केलीं, तर दट्ट्या सरकत जातो, स्प्रिंग आखडते आणि ताण उतरतो. दोरी कां सैलावते हें यावरून कळतें. परंतु हिलाच बादली टांगली तर दट्ट्या कायमचा सरकतच राहील. खरी दोरी तशी वाहून जात नाहीं.

उलट दोन्ही शेजारीं शेजारीं जोडल्यास केल्व्हिन व फोक्ट यांची जोडणी होते. आपोआप मिटणाऱ्या दारावरच्या यंत्रांत हाच प्रकार असतो. ती वजनाखालीं सावकाश लांबते, थांबते, आणि वजन काढल्यावर सावकाश परत येते. पण ती क्षणांत लांबूं शकत नाहीं. आणि ताणून धरली तर स्प्रिंगचा ताण जसाच्या तसा राहतो.

म्हणून दुसऱ्या जोडणीच्या पुढें आणखी एक मोकळी स्प्रिंग जोडतात. हिशेबाच्या सोयीसाठीं असें धरूं कीं, उभ्या टांगलेल्या दोरीला १० किलोची बादली लावतांच मोकळी स्प्रिंग २ सेंटिमीटर लांबते, आणि पुढें आंतली जोडी फार तर ३ सेंटिमीटर लांबेल. या जोडीचा काल १ तास धरला, तर तासाभरांत त्या ३ पैकीं सुमारें १.९, आणि तीन तासांत २.८५ सेंटिमीटर वाढ होईल. वजन कायम असतां होणाऱ्या या वाढीला विसर्पण म्हणतात.

आतां तीच दोरी २ सेंटिमीटर ओढून दोन्ही टोकें पक्कीं करूं. आरंभीं ताण १० किलोचा. पुरेशा वेळानें एकूण लांबी दोन्ही स्प्रिंगांत वांटली जाते. १० किलोस ५ सेंटिमीटर, तर २ सेंटिमीटरला ४ किलो. तेव्हां ताण १० वरून ४ वर येऊन स्थिरावेल. विशेष हें कीं येथें काल तासाचा नसून २४ मिनिटांचा येतो, कारण आंतल्या स्प्रिंगच्या जोडीला आतां बाहेरची स्प्रिंगही दट्ट्याला ढकलते. २४ मिनिटांनीं ताण सुमारें ६.२ किलो भरेल. लांबी कायम असतां होणाऱ्या या उतारास ताण-शिथिलन म्हणतात. विसर्पण आणि शिथिलन हे दोन रोग नव्हेत. एकाच अंगस्वभावाचीं तीं दोन दर्शनें आहेत.

या चित्रालाही मर्यादा आहेत. बादली काढल्यावर खरी दोरी बहुतेक आखडते, तरी थोडी वाढ मागें उरते. ती दाखविण्यास एक सुटा दट्ट्या आणखी जोडावा लागतो. शिवाय एकच काल पुरत नाहीं. आपल्या चित्रांतील दोरी पांच तासांत जवळजवळ स्थिर होईल. खऱ्या दोरीची वाढ मिनिटांत, तासांत, दिवसांत आणि महिन्यांतही थोडथोडी दिसत राहते. असें दिसलें म्हणजे निरनिराळ्या कालांच्या अनेक जोड्या मानाव्या लागतात. उन्हानें हे सर्व काल आंखूड होतात. आणि भार फार मोठा असेल तर हें साधें प्रमाणच मोडतें.

यावरून व्यवहारांत एवढें ध्यानांत ठेवावें. बादली टांगून मिनिटभरानें घेतलेलें माप बहुतांशीं मोकळ्या स्प्रिंगचें असतें. प्लॅस्टिकच्या वस्तूवर भार दीर्घकाळ राहावयाचा असेल, तर तिची परीक्षाही दीर्घकाळ घेतली पाहिजे. आणि दोरी सैलावली तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां ओढून बांधावी. लौकर सरकणारा भाग आधींच सरकून गेलेला असल्यामुळें ती आतां पहिल्याइतकी ढिली पडत नाहीं.