टनावर पैसे, की घरावर?

कचरा वाहतुकीचं बिल फुगलं की नगरसेवक आधी डिझेलकडे बोट दाखवतात. त्यापेक्षा ठेक्यातला ‘प्रति टन’ हा शब्द बघावा. टनावर पैसे मिळत असतील तर ओला कचरा, अगदी राडारोडासुद्धा ठेकेदाराच्या फायद्याचा. पावसाळ्यातल्या वजनकाट्याच्या पावत्या काढा: खेपा तितक्याच, वजन मात्र जास्त. म्हणजे आपण पाण्याचं भाडं भरतोय!

पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. शुल्क घरटी, नागरिकच देतात. सुका माल विकून आलेले पैसे वेचकांचे. पालिकेचा भार हलका होतो, पण वस्त्यांमध्ये शुल्क थकतं आणि तिथे अनुदान द्यावंच लागतं.

ओला कचरा प्रभागातच जिरवला तर खेपा घटतात. फक्त वास सुटला की शेजारी प्रकल्प बंद पाडतात. माझं मत घरटी ठेक्याला.