न उतरणारा आकडा

सिंक ॲपमधला ‘बाकी’ आकडा फायली मोजतो, त्यांचा आकार मोजत नाही. त्यामुळे शंभर छोटे फोटो भराभर चढतात आणि एक मोठी फाइल तासन्‌तास ‘१ बाकी’ म्हणून बसून राहते. समजा, आउटलुकची .pst फाइल ३ जीबीची आहे आणि अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट आहे. ती पूर्ण चढायला सुमारे ३ तास २० मिनिटे लागतील.

खरी अडचण पुढे येते. आउटलुक उघडे असेपर्यंत या फाइलमध्ये सतत काही ना काही लिहिले जाते. चढवता चढवता फाइल बदलली, की अर्धी जुनी, अर्धी नवी प्रत साठू नये म्हणून ॲपला काम पुन्हा हाती घ्यावे लागते. हा हट्ट योग्यच आहे. भेसळ झालेली प्रत काय कामाची? कधी आउटलुक फाइल अडवून धरते आणि ॲपला ती वाचताच येत नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. फाइलची ‘शेवटचा बदल’ ही वेळ पुढे सरकत असेल, तर आउटलुक बंद करून पाहावे. त्यानंतर अपलोड पुढे सरकले, तर दोष इंटरनेटचा नव्हता. अशी फाइल सिंक फोल्डरबाहेर ठेवून तिची प्रत वेगळी काढणे बरे.