हॉटेलमधील ब्रेक शिफ्ट आणि पहिल्या पगाराचा हिशेब

हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि रेस्टॉरंट सेवा अशा चार विभागांत सुरुवात करता येते. हातात येणारा पगार चारही ठिकाणी जवळपास सारखाच असल्यामुळे विभाग आवडीवर निवडला जातो. फरक असतो तो वेळेत.

किचन आणि रेस्टॉरंटमध्ये बऱ्याच हॉटेलांत ब्रेक शिफ्ट असते. दुपारच्या जेवणासाठी ११ ते ३.३० आणि रात्रीच्या जेवणासाठी ६.३० ते ११. कागदावर काम नऊ तासांचेच. मधले तीन तास मोकळे, पण घर लांब असेल तर ते लॉकर रूममध्येच जातात.

समजा, दोन मैत्रिणींना हातात १८,००० रुपये मिळतात, दोघी महिन्याला २६ दिवस काम करतात आणि दोघींचा प्रवास जाऊन-येऊन दोन तासांचा आहे. फ्रंट ऑफिसमधली सलग नऊ तासांच्या शिफ्टमुळे रोज ११ तास, म्हणजे महिन्याला २८६ तास घराबाहेर असते. तिला तासाला सुमारे ६३ रुपये पडतात. किचनमधली रोज १४ तास, म्हणजे ३६४ तास बाहेर. तिला सुमारे ४९ रुपये. नेमणूकपत्रात हा फरक दिसत नाही.

त्यावर उपाय म्हणून किचनमधली हॉटेलजवळ खोली घेते. प्रवास वाचतो, पण भाडे त्याच १८,००० मधून जाते. ड्यूटीवरचे जेवण हॉटेलचे असते, एवढाच दिलासा. फ्रंट ऑफिसमध्येही रात्रपाळी चुकत नाही, मात्र ती सलग असते आणि दिवसाचे काही तास अभ्यासाला उरतात.

पुढची वाट इथेच ठरू लागते. फ्रंट ऑफिसमध्ये आरक्षण, खोल्यांचे दर आणि ग्राहकांच्या नोंदी रोज हाताखालून जातात. त्यामुळे तीन-चार वर्षांनी सेल्स किंवा रेव्हेन्यू विभागात, म्हणजे ऑफिसच्या वेळेच्या कामात, सरकणे तुलनेने सोपे असते. किचनमधून असे सरकणे अवघड. तिथला माणूस बहुधा क्रूझ जहाज, परदेशातील हॉटेल किंवा स्वतःचा व्यवसाय यांकडे वळतो. जहाजावर राहणे-खाणे कंपनीचे असल्याने पैसा साठतो; पण करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, आणि दोन करारांमधल्या काळात बहुतेकांना पगार नसतो. वार्षिक उत्पन्न काढताना करारातील मासिक आकड्याला बाराने गुणण्याची चूक सर्रास होते.

लग्न किंवा मूल झाल्यावर बरेच जण नेमके ब्रेक शिफ्टमुळे हॉटेल सोडतात, आणि तोवर हाती आलेले कौशल्य त्याच शिफ्टशी बांधलेले असते. म्हणून कॅम्पस मुलाखतीत पगाराआधी तीन गोष्टी विचारा: आठवड्यातून किती दिवस ब्रेक शिफ्ट असते, रात्री घरी सोडायला गाडी आहे का, आणि दुसऱ्या विभागात बदली किती काळाने मागता येते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर मिळतोय तो विभागच पुढची काही वर्षे राहील असे धरून हिशेब करा.