वारीचा डबा: भरण्याआधी पंचांग पाहा

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातून दिवे घाटाकडे निघते, तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा. त्यामुळे त्या दिवशी वारकऱ्यांना पुरीभाजीचे पुडे देऊन चालत नाही. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणा चिक्की, केळी हा डबा उपासाला चालतो आणि दिवसभर टिकतो. यातला बराचसा माल मार्केट यार्डातच मिळतो.

साबुदाणा खिचडी द्यायची तर घड्याळ सांभाळावे लागते. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसखाली कोमट राहिले की जंतू झपाट्याने वाढतात. चार तासांत ते संपलेले बरे. पंगत अकराला असेल तर खिचडी पहाटे पाचला परतून ठेवण्यात अर्थ नाही. नऊला परतावी, दहाला टेम्पो निघावा. घाटाच्या रस्त्याला वाहतूक अडते, म्हणून एक तास हाताशी ठेवावा.

वाफाळत्या डब्याला लगेच झाकण लावले तर आत पाणी सुटून खिचडीचा गोळा होतो.

थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे. पर्याय पत्रावळी, द्रोण किंवा अॅल्युमिनियमचे डबे. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, शाई अन्नात उतरते.

डब्यावरच्या चिठ्ठीवर तीनच गोष्टी ठळक हव्यात: ‘उपासाचे’, ‘शेंगदाणा आहे’ आणि ‘दुपारी एकपर्यंत खावे’.