अंतरपाट धरल्यावर नको, आधी सांगा! मराठी-इंग्रजी लग्नाची संहिता अशी लिहितात

छत्रपती संभाजीनगर : समजा, नवरी सिडकोतली आणि नवरदेव आयर्लंडचा. त्याच्याकडचे वीस पाहुणे आयुष्यात पहिल्यांदाच मराठी लग्न बघणार आहेत. मग घरातलंच कुणीतरी माईक हातात घेतं आणि प्रत्येक विधी मराठी-इंग्रजीतून समजावून सांगतं. पण हे आयत्या वेळी जमत नाही, आधी लिहून काढावं लागतं.

लोकांना कळेल अशा भाषेत लग्न लावणं आपल्याकडे नवं नाही. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात झाला. पुढे जोतीराव फुल्यांनी मराठी मंगलाष्टकांसह सगळा पूजाविधी लिहून १८८७ मध्ये छापला. त्यात वधू-वर एकमेकांशी मराठीतच बोलतात.

दोन भाषा, दोन मजकूर

नेहमीची चूक म्हणजे मराठी मजकूर लिहायचा आणि त्याचंच इंग्रजी भाषांतर वाचायचं. अंतरपाट म्हणजे काय, हे मराठी पाहुण्यांना सांगायची गरज नसते. त्यांना नवरदेवाकडच्या मंडळींची ओळख हवी असते. इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र तीन गोष्टी कळायला हव्यात आणि त्याही याच क्रमाने : समोर काय दिसतंय, आपण काय करायचं आणि याचा अर्थ काय. अर्थ शेवटी, कारण तो चुकला तरी पाहुण्याचं अडत नाही.

अंतरपाटाचंच उदाहरण घ्या. मंगलाष्टकं सुरू झाली की मध्ये बोलायला जागाच उरत नाही. म्हणून सगळं सांगणं अंतरपाट धरण्याआधी उरकायचं. मराठीत एवढंच : ‘अक्षता सगळ्यांना मिळाल्या ना? नवरदेवाचे आईवडील पुढच्या रांगेत बसलेत, तेवढी वाट मोकळी ठेवा.’ इंग्रजीत सांगायचं ते असं : दोघांमध्ये एक कापड धरलं जाईल, ते एकमेकांना दिसणार नाहीत. काही कडवी गायली जातील. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ हा शब्द ऐकू आला की थोडे तांदूळ टाका, सगळे एकदम नको. कापड बाजूला झालं की ते एकमेकांना हार घालतील.

‘सावधान’ हा शब्द मात्र इंग्रजीतही तसाच ठेवायचा आणि पाहुण्यांकडून एकदा म्हणवून घ्यायचा. संस्कृत-मराठीच्या त्या ओघात त्यांना ओळखता येईल अशी हीच एक खूण असते. तांदूळ टाकणं त्यांना अनोळखी नाही, त्यांच्याकडेही लग्नानंतर जोडप्यावर तांदूळ उधळायची जुनी रीत आहे.

हे सगळं दोन्ही भाषांत मिळून एका मिनिटात बसवा. मोठ्याने आणि सावकाश वाचताना मिनिटाला शंभरेक शब्दच होतात. त्याहून लांबलं तर गुरुजी थांबणार नाहीत. मुहूर्त आपल्यासाठी थांबत नाही.

सात फेरे नव्हे, सात पावलं

इंटरनेटवरून उचललेला इंग्रजी मजकूर सप्तपदीला हमखास दगा देतो. त्यात अग्नीभोवतीचे सात फेरे लिहिलेले असतात. आपल्याकडे मात्र तांदळाच्या सात छोट्या राशी मांडतात आणि वधू एकेका राशीवर पाऊल ठेवत पुढे जाते. निवेदक फेरे म्हणतोय आणि जोडपं सरळ चालतंय, हे पाहुण्यांच्या लगेच लक्षात येतं. पावलांचे अर्थही थोडक्यात द्या : अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि सख्य. सातवं जरा थांबून वाचा. शेवटचं पाऊल मैत्रीचं आहे, हे परदेशी पाहुण्यांइतकंच आपल्याकडच्या कित्येकांना नवं असतं.

कन्यादानाचा निर्णय मात्र निवेदकाने घेऊ नये. ‘दान’ हा शब्द इंग्रजीत नेला की तो अधिकच बोचतो. विधी ठेवायचा, वगळायचा की दोन्हीकडच्या आईवडिलांनी मिळून हात हातात द्यायचे, हे वधू-वर आणि गुरुजींनी आधी ठरवावं. मजकूर त्यानंतर लिहावा.

कायद्याचं एक वाक्य

सातव्या पावलाला ‘आता हे कायदेशीर पती-पत्नी’ असं जाहीर करण्याचा मोह आवरा. सप्तपदी असलेला विवाह सातव्या पावलाला पूर्ण होतो, असं हिंदू विवाह कायदा, १९५५ सांगतो. पण नवरदेव ख्रिस्ती असेल तर तो कायदा इथे लागू होत नाही. मग वाट विशेष विवाह कायदा, १९५४ ची. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं, नोटीस द्यायची आणि ती प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवस थांबायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर नोटीस पुन्हा द्यावी लागते.

संहिता लिहिणाऱ्याच्या कामाची गोष्ट याच कायद्यात आहे. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं वाक्य उच्चारलं, तरच विवाह पूर्ण होतो. ते वाक्य दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत चालतं. म्हणजे तिने मराठीत आणि त्याने इंग्रजीत म्हणायला हरकत नाही, फक्त दोन्ही भाषा दोघांना समजायला हव्यात. वाढीव शुल्क भरून अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावरच्या ठिकाणी बोलावण्याचीही तरतूद आहे. ते कार्यालयात आले तर हे वाक्य संहितेत घ्या. नोंदणी आधीच झाली असेल तर निवेदनात तसं सांगून टाका आणि मग अक्षता वाटायला घ्या.