हिरवा ठिपका आहे, पण ब्रेड व्हीगन आहे का?

मैदा, पाणी, यीस्ट आणि मीठ. ब्रेड एवढ्यावर होतो. यीस्ट ही सूक्ष्म बुरशी, म्हणजे प्राणी नव्हे. त्यामुळे मुळातला ब्रेड व्हीगनच असतो. प्रश्न येतो तो कारखान्यातल्या घाईमुळे आणि गिऱ्हाइकाला तो मऊ, सोनेरी नि चार दिवस टिकणारा हवा असतो म्हणून.

घाईचं आधी पाहू. मैद्यातलं ग्लुटेन कणीक मळताना ताठ होतं. तिला निवांत मुरू दिलं तर ती आपोआप सैल पडते, पण मोठ्या बेकरीला तेवढा वेळ नसतो. तिथे एल-सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल कामाला येतं. ग्लुटेनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधणारे गंधकाचे दुवे ते तोडतं आणि कणीक काही मिनिटांत वळणावर येते. लागतं किती? अमेरिकेत १०० किलो पिठामागे जास्तीत जास्त ९ ग्रॅमची मुभा आहे.

हे अमिनो आम्ल केस आणि पिसांमध्ये भरपूर असतं. बदकाची, कोंबडीची पिसं किंवा डुकराचे केस आम्लात उकळून ते काढण्याची पद्धत जुनी आहे. माणसाचे केसही वापरले गेले. युरोपीय संघाने खाद्यपदार्थांसाठी त्यांना मनाई केली आहे. आता जिवाणूंच्या मदतीने, किण्वनातूनही एल-सिस्टीन बनतं आणि ते व्हीगन चालतं. पण पुड्यावर दोन्हींचा क्रमांक एकच, ९२०.

भारतात मात्र या भीतीला बराचसा उतारा आहे, तो म्हणजे हिरवा ठिपका. आपल्या नियमांत प्राणिज अंश असलेला पदार्थ मांसाहारी ठरतो; सूट आहे ती दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाख अशा मोजक्या गोष्टींना. डिसेंबर २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बजावलं, की प्राणिज घटक कितीही अल्प असला तरी पदार्थ मांसाहारीच. म्हणजे हिरवा ठिपका असलेल्या ब्रेडमध्ये ९२० दिसलं, तर ते पिसांचं असायला कायद्याने जागा नाही. इमल्सिफायर ४७१चंही तेच. ते वनस्पती तेलापासून बनतं तसं प्राण्यांच्या चरबीपासूनही, पण हिरव्या ठिपक्याखाली चरबीला मज्जाव आहे.

तेव्हा आपल्याकडच्या व्हीगन माणसाने पिसांची धास्ती घेण्यापेक्षा दूध शोधावं. हिरवा ठिपका त्याबाबतीत काहीच सांगत नाही.

दूध पावडर ब्रेडमध्ये येते ती चवीपेक्षा रंगासाठी. यीस्ट साखर खाऊन टाकतं, पण दुधातली लॅक्टोज शर्करा त्याला पचत नाही. ती शिल्लक राहते आणि भट्टीत प्रथिनांशी मिळून कवच छान तांबूस होतं. आतला भागही मऊ राहतो. यादीत ती ‘मिल्क सॉलिड्स’, ‘स्किम्ड मिल्क पावडर’, ‘व्हे पावडर’ किंवा ‘केसिनेट’ अशा नावांनी बसलेली असते.

समजा, यादी अशी आहे: मैदा, पाणी, साखर, यीस्ट, पाम तेल, ग्लुटेन, मीठ, मिल्क सॉलिड्स, इमल्सिफायर (४७१, ४८१), प्रिझर्व्हेटिव्ह (२८२). यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मीठ पिठाच्या साधारण दोन टक्के असतं, म्हणजे त्यानंतर आलेलं दूध त्याहूनही कमी. कमी असलं तरी हा ब्रेड व्हीगन नाही. ४८१चं नाव ‘स्टिअरॉइल लॅक्टिलेट’. ते ऐकून दुधाचा संशय येतो, पण त्यातलं लॅक्टिक आम्ल किण्वनातून आलेलं असतं. २८२, म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, हेही दूध नव्हे.

डोळे ताणून सगळी यादी वाचायचा कंटाळा असेल तर तिच्या खालची ॲलर्जीची ओळ पाहावी. दूध असेल तर ते तिथे सांगणं बंधनकारक आहे. ‘कंटेन्स मिल्क’ म्हणजे घातलेलं आहे. ‘मे कंटेन मिल्क’ म्हणजे घातलेलं नाही, पण त्याच यंत्रावर दुधाचा माल होतो; ही सूचना मुख्यतः ॲलर्जीवाल्यांसाठी, आणि बहुतेक व्हीगन लोक असा ब्रेड खातात. २०२२च्या नियमांनी व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्हही आणलं, हिरव्या रंगातलं ‘व्ही’ अक्षर. ते नाही म्हणून ब्रेड व्हीगन नाही, असं मात्र होत नाही.

खरी पंचाईत सुट्या लादीपावाची. त्याला ना पुडा, ना यादी. साधा लादीपाव बहुधा दुधाशिवायच होतो, कारण दूध घातलं की खर्च वाढतो. पण भट्टीवर विचारताना ‘व्हीगन आहे का?’ असं विचारून उपयोग नाही. ‘शाकाहारी आहे’ एवढंच उत्तर मिळेल. ‘मामा, यात दूध पावडर, लोणी किंवा अंडं पडतं का? वरून चमक यायला काय लावता?’ असं सरळ विचारावं. चमकेसाठी दुधाचा किंवा अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो. आणखी एक प्रश्न ‘इम्प्रूव्हर’चा. ही तयार पावडर बेकरीवाला पोत्याने विकत आणतो आणि तिच्यात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. त्या पोत्यावर मात्र यादी छापलेली असते. ती दाखवायला सांगितली, तर बहुतेक जण दाखवतात.