एकच फोटो, आणि खाली काहीच नाही

टिंडरवर मॅच झाल्याची सूचना येते. प्रोफाइल उघडावं तर एक फोटो, नाव आणि वय. स्वतःबद्दलची जागा कोरी, आवडीनिवडी नाहीत, काम काय करते तेही नाही. पहिला मेसेज लिहायला घेतला की बोटं थांबतात, कारण धरायला काहीच नाही असं वाटतं. बहुतेक जण मग ‘हाय’ लिहितात आणि उत्तर आलं नाही की समोरच्याला रसच नव्हता असं ठरवून टाकतात.

हा प्रश्न सगळ्या ॲपवर सारखा येत नाही. हिंजवर अनेक फोटो टाकावे लागतात आणि ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, त्यामुळे तिथे इतकं कोरं प्रोफाइल सहसा भेटत नाही. बंबलवर स्त्री-पुरुषाची मॅच झाली की पहिला शब्द बाईने लिहायचा, अशी मूळ रीत होती. २०२४ पासून तिला आधीच एखादा प्रश्न लावून ठेवता येतो. तिने तसा प्रश्न ठेवला असेल, तर प्रोफाइल कितीही रिकामं असो, त्या प्रश्नाचं नीट उत्तर देणं हाच पहिला मेसेज. टिंडरवर मात्र स्वतःबद्दल लिहिणं सक्तीचं नाही, म्हणून अडचण मुख्यतः तिथे येते.

रिकामं प्रोफाइल म्हणजे रिकामा माणूस किंवा आळशी माणूस, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. आपल्याकडे तो बऱ्याचदा चुकतो. मुलींच्या बाबतीत कारण अनेकदा सरळ असतं. ऑफिसमधल्या कुणी पाहिलं तर, मामेभावाने स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला तर, फोटो कुणी भलतीकडे वापरला तर, ही भीती खरी आहे. बंबलने भारतातल्या बायकांना पूर्ण नावाऐवजी फक्त पहिलं अक्षर दाखवायची सोय दिली, ती याचसाठी. काही जणी मैत्रिणीने आग्रह केला म्हणून रात्री ॲप उतरवून घेतात, एक फोटो टाकतात आणि बाकीचं उद्या भरू म्हणतात. काही प्रोफाइलं खोटीही असतात. यातलं कोणतं कारण लागू आहे, ते प्रोफाइलकडे बघून कळत नाही. कळलंच तर पुढच्या बोलण्यातून कळतं.

एक गोष्ट मात्र नक्की ठाऊक असते आणि ती विसरली जाते. मॅच दोघांच्या पसंतीशिवाय होत नाही. तिने तुमचं प्रोफाइल पाहिलं आणि होकार दिला. तिच्याबद्दल तुम्हाला काही माहीत नसलं, तरी तुमच्याबद्दल तिला काहीतरी माहीत आहे. म्हणून पहिल्या मेसेजचं काम तिची माहिती काढणं हे नाही. तिला सहज उत्तर देता येईल असं काहीतरी हातात ठेवणं, एवढंच ते काम आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा मुलगा पुण्याचा, वय २९. मॅच झालेल्या मुलीचा एकच फोटो आहे. पिवळा रेनकोट, मागे दगडी भिंत आणि धुकं, मांडीवर पिठलं-भाकरीचं ताट, आणि पायाशी एक कुत्रं त्या ताटाकडे टक लावून बसलेलं.

या फोटोत दोन प्रकारच्या गोष्टी आहेत. एक, तिचं दिसणं. दुसरी, तिच्या भोवतालचं जग: पाऊस, गड, जेवण, कुत्रं. ओकेक्युपिड या अमेरिकी संकेतस्थळाने २००९ साली पाच लाखांहून अधिक पहिले संदेश तपासले होते. दिसण्याचं कौतुक करणाऱ्या संदेशांना उत्तरं कमी येत होती आणि नुसत्या ‘हाय’ला तर फारच कमी. समोरच्याने लिहिलेलं वाचलं आहे असं ज्या संदेशांतून दिसत होतं, त्यांना उत्तरं जास्त मिळत होती. आपल्या उदाहरणात वाचण्यासारखा मजकूरच नाही, म्हणून फोटो वाचायचा. शेकडो फोटोंतून तिने हाच एक निवडला, तेव्हा त्यातलं ताट आणि कुत्रं तिला नकोसं नक्कीच नव्हतं.

मुलाच्या मनात पहिल्यांदा येतं ते असं: ‘ट्रेकिंगची आवड दिसते! आतापर्यंत किती गड केलेस?’ वाईट नाही, पण हा मुलाखतीचा प्रश्न आहे. ती कदाचित वर्षातून एकदा चुलत भावंडांबरोबर गाडीने वर गेली असेल. मग ‘नाही, सहज गेले होते’ एवढंच उत्तर उरतं आणि बोलणं संपतं. त्याचा दुसरा विचार: ‘प्रोफाइलमध्ये काहीच लिहिलं नाहीस, असं का?’ हा तर टाळाच. तिच्या सावधगिरीचा जाब विचारल्यासारखं होतं, आणि खरं कारण अनोळखी माणसाला सांगावंसं कुणालाच वाटत नाही. तिसरा विचार: ‘ही जागा मी ओळखतो, कल्याण दरवाज्याच्या अलीकडची. कोणत्या रविवारी गेली होतीस?’ यात त्याचा हेतू निर्मळ असला तरी ती दचकेल. जिने नाव-वयापलीकडे काही सांगितलेलं नाही, तिला कुणीतरी आपली नेमकी जागा आणि वेळ शोधतंय असं वाटता कामा नये. तिचं इन्स्टाग्राम हुडकून तिथलं काही पहिल्या मेसेजात आणणं त्याहून वाईट.

शेवटी त्याने हे लिहावं:

‘धुकं, पिठलं-भाकरी आणि ताटावर नजर ठेवून बसलेला पाहुणा. मला हा सिंहगड वाटतोय, पण मी दर वेळी मडक्यातल्या दह्यापुढे फार काही बघत नाही, त्यामुळे अंदाज चुकू शकतो. शेवटी त्याला भाकरी मिळाली का?’

यात काय काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या वाक्यावरून कळतं की हा मेसेज दहा जणींना एकदम पाठवलेला नाही. सिंहगडाचा अंदाज तिला सहज खोडता येतो. ‘नाही, राजगड’ असं लिहायला दोन सेकंद लागतात, आणि चूक दुरुस्त करायला माणसं उत्सुक असतात. दह्याच्या उल्लेखात तो स्वतःबद्दल थोडं सांगतो, म्हणजे तिलाही पकडायला काहीतरी मिळतं. शेवटचा प्रश्न कुत्र्याबद्दल आहे, तिच्याबद्दल नाही. जी स्वतःबद्दल बोलायला अजून तयार नाही, तिलाही कुत्र्याबद्दल बोलायला हरकत नसते. ‘तुझं कुत्रं किती गोड आहे’ असं त्याने लिहिलं नाही हेही बरं, कारण ते कुणाचं आहे हे त्याला ठाऊक नाही. आणि संपूर्ण मेसेजात ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणायची वेळच आलेली नाही. ती उत्तरात कसं बोलते ते पाहून पुढे ठरवता येईल. ती मराठी वाचते की नाही, हीच शंका असेल तर तोच मजकूर साध्या हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवावा. नावावरून भाषा ओळखायला जाऊ नये.

समजा उत्तर येतं: ‘हो, अर्धी. सिंहगड नाही पण.’ इथे बरेच जण चुकतात. उत्तर आलं म्हणून हुरूप चढतो आणि काम काय, राहतेस कुठे, असे प्रश्न सुरू होतात. तिने प्रोफाइलात जे मुद्दाम वगळलं, तेच तिच्याकडून मागितलं जातं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की समोरच्याने नुकत्याच सांगितलेल्या गोष्टीवर पुढचा प्रश्न विचारणारी माणसं अधिक आवडतात. काही मिनिटांच्या ओळख-भेटींतही त्यांना पुन्हा भेटायचा होकार अधिक मिळत होता. म्हणून इथे पुढचा प्रश्न अर्ध्या भाकरीतूनच यावा: ‘अर्धी स्वखुशीने, की त्याने ओढून घेतली?’ गडाचं नाव तिने सांगितलं नाही, तर ते खोदून विचारू नये. सांगावंसं वाटलं की ती सांगेल.

फोटोत असं काहीच नसेल तर? पांढरी भिंत, लिफ्टमधला आरसा, गॉगल. अशा फोटोतून ओढूनताणून विषय काढला की तो खोटा वाटतो. मग फोटो सोडून द्यावा आणि स्वतःच्या दिवसातली एक लहानशी, खरी गोष्ट द्यावी, जिच्यावर तिला मत देता येईल. उदाहरणार्थ: ‘आज डब्यात कारलं होतं आणि मी ते आवडीने खाल्लं. ऑफिसात मी एकटाच निघालो. कारल्याच्या बाजूने की विरुद्ध?’ याला एका शब्दात उत्तर देता येतं आणि हवं तर दहा वाक्यांत. तिच्या होकारामागे तुमच्या प्रोफाइलातलं काहीतरी असणार, तेव्हा ही गोष्ट त्याच्याशी जुळणारी असेल तर आणखी चांगलं. तबल्याचा फोटो टाकला असेल तर आजच्या रियाजाबद्दल लिहावं.

मुलगी मुलाला लिहीत असेल तरी बहुतेक हेच लागू पडतं. फरक इतकाच की मुलांच्या कोऱ्या प्रोफाइलामागे भीतीपेक्षा कंटाळा अधिक वेळा असतो, असं माझं निरीक्षण आहे. एक चांगला प्रश्न विचारूनही तो फक्त ‘हम्म’ लिहीत राहिला, तर तिने आणखी कष्ट घेऊ नयेत.

खोट्या प्रोफाइलाची खूण रिकामेपणात नसते, घाईत असते. दोन-चार संदेशांत टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर यायचा आग्रह, फोटोतल्या गोष्टीबद्दल विचारलं की भलतंच उत्तर, गुंतवणुकीचा विषय, किंवा ओळख होण्याआधीच व्हिडिओ कॉलवर अश्लील बोलणं. ठरावीक कॅफेतच भेटायचा हट्ट हीसुद्धा खूण आहे. तिथे गेल्यावर हजारोंचं बिल हाती पडल्याच्या तक्रारी २०२४ साली मुंबईतून आल्या होत्या. फोटोबद्दलचा साधा प्रश्न इथेही उपयोगी पडतो, कारण चोरलेल्या फोटोतल्या कुत्र्याला भाकरी मिळाली की नाही, हे चोराला सांगता येत नाही. संशय बळावला तर गुगल लेन्सने तो फोटो आणखी कुठे आहे का ते बघावं. मात्र फोटो कुठे सापडला नाही म्हणून प्रोफाइल खरं ठरत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करावा.

आणि उत्तर आलंच नाही तर? बंबलवर ठरलेल्या वेळेत उत्तर गेलं नाही की मॅच आपोआप निघून जाते. टिंडरवर तसं बंधन नाही, म्हणून तिथे दोन-तीन दिवसांनी आणखी एकच मेसेज चालतो. त्यात पहिल्याचा उल्लेख नको, ‘बिझी आहेस का’ नको, प्रश्नचिन्हांची रांग तर नकोच. वेगळा विषय, तितकाच हलका: ‘आज पुण्यात पहिल्यांदा छत्री उघडली, आणि ती उलटी झाली. रेनकोटवाल्यांचं बरं आहे.’ त्यालाही उत्तर नसेल तर तिसरा मेसेज लिहू नये. तिने कदाचित ॲपच काढून टाकलं असेल, कदाचित विचार बदलला असेल. कोरं प्रोफाइल ठेवणाऱ्या माणसाला, कारण न सांगता, गप्प राहायचाही तितकाच हक्क आहे.